आजीचं चकलीच्या भाजणीचं कार्ड टाइप करते आहे, फोटो गेला: आकडे, रेघा आणि कृती जशीच्या तशी कशी उतरवू?

अवनी_क

माझ्या आजीनं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर चकलीच्या भाजणीची कृती लिहून ठेवली होती. ते कार्ड राजापूरजवळच्या आमच्या वाडीत, आत्याकडे आहे. मी मागे गेले होते तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते, पण तो फोन बंद पडला तो पडलाच, आणि फोटो दुसरीकडे कुठेही ठेवलेले नव्हते.

आत्या ८७ वर्षांची आहे, साधा बटणांचा फोन वापरते. गणपतीत चुलतभाऊ जाईल तेव्हा नवा फोटो येईलही. पण फोटो हाताशी होता तेव्हासुद्धा मला त्यातलं अर्धं वाचता आलं नव्हतं. शाई पुसट झाली आहे आणि आजीचं अक्षर आत्यालाच लागतं. म्हणून ती कार्ड समोर धरून फोनवर वाचते आणि मी इकडे पुण्यात टाइप करते.

अडचण अशी की दर वेळी वाचन थोडं वेगळं येतं. उडीद डाळ एकदा "एक शेर" आली, एकदा "पाव शेर". "काय लिहिलंय ते सांग" म्हटलं तर म्हणाली, "एक उभी रेघ आहे." हरभरा डाळीपुढे दोन उभ्या रेघा आहेत म्हणे. कृतीतही तसंच. एकदा "डाळी धुवून पंच्यावर सावलीत वाळवणे" आलं, पुढच्या वेळी पंचा नव्हता.

मला सुधारलेली कृती नको आहे, कार्डावर आहे तीच हवी आहे. घरातल्या सगळ्यांना हाच मजकूर जाणार, त्यात उडीद चौपट गेला तर तो सगळ्यांच्या घरी चौपट जाईल. आत्तापर्यंत उतरलेलं असं:

तांदूळ १ शेर
ह. डाळ (दोन रेघा) शेर
उ. डाळ (एक रेघ) शेर
मूग डाळ नवटाक
धने (इथे काहीतरी आहे, आत्याला नीट सांगता येत नाही)
जिरे २ तोळे

नेहा२७

अगं, गूगल फोटोजचं ट्रॅश बघितलंस का? बॅकअप चालू असेल तर डिलीट झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवला असशील तर त्यांच्या फोनमध्ये असेलच की.

अवनी_क

नेहा, बॅकअप नव्हता आणि कोणाला पाठवलाही नव्हता. फोटो परत मिळवण्याचं सगळं करून झालं आहे, तो विषय संपला असं धरून चाल. प्रश्न टाइप कसं करायचं याचा आहे.

खमंग

ती उभी रेघ म्हणजे पूर्णविरामाचा दंड असणार, जुन्या पोथ्यांत असतो तसा. त्याला काही अर्थ नाही. चकलीच्या भाजणीचं प्रमाण ठरलेलं आहे: तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक, मूग अर्धा. शेर म्हणजे किलोच धरा. तांदूळ एक किलो, हरभरा अर्धा, उडीद पाव, मूग सव्वाशे ग्रॅम. झालं काम.

दप्तरी

खमंग, प्रमाण तुम्ही बरोबर सांगितलंत, पण रेघांना अर्थ आहे आणि तोच इथे सगळं ठरवतो.

जुन्या हिशेबी लिखाणात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपया असो, शेर असो, खंडी असो, रीत तीच. आकड्यापुढे रेघ आली की ती त्यात मिळवायची: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. मोडीतली जमाखर्चाची कागदपत्रं चाळणाऱ्याला ही रेघ पानोपानी भेटते, आणि देवनागरीत लिहिणाऱ्या बायकांनीही ती घरच्या वह्यांत सर्रास वापरली आहे.

तेव्हा अवनीताई, तुमचं कार्ड असं वाचायचं: हरभरा डाळ अर्धा शेर, उडीद डाळ पाव शेर. नवटाक म्हणजे पावशेराचा निम्मा. एक, अर्धा, पाव, अर्धपाव अशी सरळ उतरंड लागते. खमंग यांचं चार-दोन-एक-अर्धा तेच आहे, फक्त ते इथे कार्डावरूनच निघतं, बाहेरून आणावं लागत नाही.

आत्याबाईंना "एक शेर" का वाटलं असेल तेही उघड आहे. उभी रेघ आणि घाईत काढलेला १ पुसट शाईत सारखेच दिसतात. त्यांना एवढंच विचारा की तांदळापुढचं चिन्ह आणि उडदापुढचं चिन्ह अगदी सारखं आहे का. देवनागरी १ च्या डोक्याला गाठ असते, रेघेला नसते. आणि कार्डात कुठे "११" वाचलं गेलं तर दोनदा विचारा, ते १। असण्याचा संभव जास्त.

टाइप करताना रेघेसाठी कीबोर्डवरचा दंड वापरा, `।` आणि `॥`. पाऊणसाठी आधी `॥` मग `।`. युनिकोडमध्ये या अपूर्णांकांची स्वतंत्र चिन्हंही आहेत, `꠰ ꠱ ꠲`, पण पुष्कळ फोनांत त्यांचे फॉन्ट नसतात आणि समोरच्याला नुसते चौकोन दिसतात. म्हणून दंड बरा, आणि त्याच ओळीत चौकटी कंसात अक्षरांत लिहा: "उ. डाळ । शेर [पाव शेर]". कंसातलं तुमचं, बाहेरचं आजींचं.

एक सेटिंग आधी बंद करा. काही कीबोर्डांत स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम किंवा दंड आपोआप पडतो. आकड्याशेजारी असा दंड पडला की तुमच्या कार्डात पाव शेर वाढला, आणि तो कोणालाही चूक म्हणून दिसणार नाही.

खमंग

रेघांचं मान्य. माझ्या पाहण्यात नव्हतं. पण शेराचा किलो करायला काय हरकत आहे? आज शेर कोणाकडे आहे?

दप्तरी

किलो करा, पण खालच्या टिपेत. पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर सुमारे ९३३ ग्रॅम. किलो धरलात तरी सगळं सारख्याच पटीत वाढतं, प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते दुसरीकडे. मापाचाही शेर असायचा, चिपटं-मापटं-शेर-पायली या ओळीतला, आणि घरात धान्य बहुधा त्यानंच मोजत. तो गावोगावी वेगळा. तांदूळ आणि डाळी जवळपास सारख्याच जड, त्यामुळे वजनी की मापी यानं त्यांना फारसा फरक पडत नाही. धने मात्र हलके. मापानं पाव शेर धने आणि वजनानं पाव शेर धने यांत मोठं अंतर आहे. ते तुम्ही एकदा ग्रॅममध्ये करून टाकलंत की पुढच्याला मूळ काय होतं ते कळायचा मार्ग उरत नाही.

सुलभा_ठाणे

मी बरीच वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. अवनी, तुमच्या आत्या खोटं वाचत नाहीत, त्या पाठ असलेलं वाचत आहेत. ज्याला मजकूर माहीत असतो त्याचे डोळे कागदावर आणि मन पुढे असतं. पंचा त्यांच्या हातातून आला, कार्डावरून नाही.

यावर छापखान्यात चालणारा उपाय म्हणजे उलटं वाचन. त्यांना प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे वाचायला सांगा, एकेक शब्द सुटा. अर्थ लागत नाही, त्यामुळे मन काही भरू शकत नाही आणि जे दिसतं तेच बोललं जातं. त्याआधी प्रत्येक ओळीत शब्द किती आहेत ते मोजून घ्या. तुम्ही टाइप केलेले शब्द आणि त्यांनी मोजलेले शब्द जुळले नाहीत तर ती ओळ पुन्हा.

विचारताना उत्तर पुढे करू नका. "पाव शेर ना?" असं विचारलंत तर "हो" येईल. "शेर या शब्दाच्या आधी काय दिसतं?" असं विचारा.

शब्दांखेरीज तीन गोष्टी विचाराव्या लागतील, कारण वाचणारा त्या आपणहून सांगत नाही: कुठे खोडलं आहे का, ओळीच्या वर बारीक काही लिहून खाली हंसपद काढलं आहे का, आणि शाई किंवा पेन्सिल बदलली आहे का. आणि शुद्धलेखन सुधारू नका. "ह. डाळ" आहे तर "ह. डाळ"च ठेवा.

मंजिरी_दे

माझ्याकडे सासूबाईंची गोड्या मसाल्याची वही आहे, त्यात तर मापंच नाहीत! "दगडफूल दोन आण्याचे, नागकेशर एक आण्याचे" असं लिहिलंय. धने-खोबऱ्याला शेर-पावशेर, आणि महाग जिनसा पैशांत. मी त्या वर्षीचे भाव शोधत बसले होते, म्हणजे ग्रॅम काढता येतील. कोणाला असे जुने किराणा भाव कुठे मिळतात माहीत आहे का? अवनीताईंच्या धाग्यात विचारते म्हणून रागावू नका.

दप्तरी

मंजिरीताई, भाव मिळाला तरी तो कुठल्या गावचा, कुठल्या दुकानाचा, कुठल्या महिन्याचा हे कसं ठरवणार? "दोन आण्याचे" असंच टाइप करा. आज तुम्ही घालता ते वजन शेजारी तुमच्या नावानं लिहा. तेच खरं राहील.

आण्यांवरून एक आठवलं ते अवनीताईंच्या उपयोगाचं आहे. उभ्या रेघा पावाच्या, तशा आडव्या किंवा तिरक्या रेघा सोळाव्या हिश्शाच्या असत. रुपयात आणे १६, म्हणून एक तिरकी रेघ एक आणा. शेरातही सोळावा हिस्सा चालायचा, तोच छटाक. तुमच्या धन्यांपुढे जे "काहीतरी" आहे ते तिरकं आहे का, विचारून बघा.

अवनी_क

सुलभाताईंनी सांगितलं तसं केलं. आत्याला आधी ते चमत्कारिक वाटलं, मग तिला रंग चढला. एकेक शब्द मोठ्यानं, ठासून.

उडीद आणि हरभऱ्याचं निश्चित झालं. तांदळापुढच्या १ ला डोकं आहे, उडदापुढे नुसता दांडा. पंचा कार्डावर नाही, "सावलीत वाळवणे" एवढंच आहे.

शब्द मोजल्यामुळे एक मोठी गोष्ट सापडली. माझ्याकडे ओळ होती: "तांबूस भाजणे. धने जिरे घालून दळणे." आत्याच्या मोजणीत एक शब्द जास्त. तो ओळीच्या वर बारीक लिहिलेला आहे: "निवल्यावर". आत्या सरळ वाचताना तो कधी "धने"च्या आधी घ्यायची, कधी गाळायची. आता तिला विचारलं की खालची खूण कुठल्या दोन शब्दांच्या मध्ये आहे. खूण "घालून" आणि "दळणे" यांच्या मध्ये आहे. म्हणजे धने-जिरे गरम भाजणीत घालायचे आणि सगळं निवल्यावर दळायचं. "निवल्यावर धने जिरे घालून" असं टाइप केलं असतं तर धने कच्चेच गेले असते.

आणि दप्तरीकाका, धन्यांपुढचं चिन्ह तिरकंच आहे. एकच रेघ, उजवीकडे वर गेलेली.

खमंग

मग धने छटाकभर! शेराचा सोळावा भाग म्हणजे ५८ ग्रॅम. एक शेर तांदळाच्या भाजणीला साठेक ग्रॅम धने हे मी स्वतः घालतो त्याच्या जवळच आहे. अवनी, बिनधास्त लिही.

सुलभा_ठाणे

थांबा. चवीला पटतं म्हणून कागदावर तेच आहे असं होत नाही. अवनी, अशी तिरकी रेघ कार्डावर आणखी कुठे आहे का? सामान आणताना यादीवर खूण करायची सवय पुष्कळांना असते.

अवनी_क

आहे! जिऱ्याच्या ओळीत, "२ तोळे"च्या पुढे. आत्या म्हणते ती पेन्सिलीची वाटते. धन्यांपुढची शाईची की पेन्सिलीची हे तिला सांगता येत नाही.

दप्तरी

मग मी माझा शब्द मागे ठेवतो. जिऱ्याला तोळे लिहिलेले असताना पुढे छटाकाची रेघ येण्याचं कारण नाही, ती खूणच असणार. तशीच धन्यांपुढेही खूण असेल तर धन्यांचं प्रमाण आजींनी लिहिलंच नाही असा अर्थ होतो. दोन्ही शक्य आहे. टाइप करताना त्या जागी "धने ⁄ [?]" ठेवा आणि खाली दोन्ही वाचनं लिहा.

चुलतभाऊ गणपतीत जातील तेव्हा त्यांना अंधाऱ्या खोलीत टॉर्च कार्डाच्या कडेला, अगदी आडवा धरायला सांगा. पेन्सिलीचं शिसं तिरप्या उजेडात चकाकतं, दौतीची शाई चकाकत नाही. तोच उजेड धरून फोटोही काढता येईल.

खमंग

मला तरी छटाकच वाटतं. मोजून लिहिणारी बाई, नवटाक आणि तोळ्यापर्यंत उतरलेली, ती धनेच तेवढे मोकळे का सोडेल?

सुलभा_ठाणे

तो मुद्दा मला पटतो, पण तो तर्क आहे. टिपेत तुमचं कारण म्हणून लिहायला हवं, ओळीत नाही.

नेहा२७

अवनी, मी आमच्या घरच्या कृती एक्सेलमध्ये भरते. 1/2 टाइप केलं की ते आपोआप तारीख होऊन बसतं, सेल आधी टेक्स्ट करून घ्यावा लागतो. तू टेबल करणार असशील तर ते बघ. बाकी मागच्या बाजूचं काय झालं? चकली करायची कृती मागे आहे ना?

अवनी_क

हो, मागची बाजू छोटी आहे आणि शाई बरी आहे. उलटं वाचून दोन्ही वेळा सारखीच आली:

"१ भां. पिठास १ भां. पाणी. पाण्यात पळीभर मोहन तीळ ओवा हिंग तिखट मीठ. उकळी फुटतां पीठ घालून झांकणे. निवल्यावर मळून सोऱ्यांतून पाडणे. मंद आंचेवर तळणे."

अनुस्वार आहेत तसे ठेवले आहेत. तीळ, ओवा, तिखट, मीठ यांना माप नाहीच, तिथे मी काही भरलेलं नाही. माझा प्रश्न पळीचा आहे. पाणी भांड्यास भांडं, म्हणजे भांडं कुठलंही चालेल. पण पळी आणि भांडं दोन वेगळी मापं आहेत.

खमंग

इथे मात्र नेमकं माप हवंच. मोहन जास्त झालं तर चकली तेलात सोडल्यावर विरते, काटे जातात, तुकडे होऊन तळाशी बसतात. कमी झालं तर दात दुखतील इतकी कडक. आजींची पळी आणि भांडं अजून घरात आहेत का? असतील तर दोन्ही मोजून घ्या.

अवनी_क

दोन्ही आहेत. आत्याकडे वजनकाटा नाही, पण अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी येते. तिनं पिशवी त्या भांड्यात ओतून मोजली: दोन भांडी काठोकाठ भरली आणि तिसरं अर्ध्यावर आलं. म्हणजे भांडं सुमारे २०० मिलीचं. पळी तिनं खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या झाकणानं भरली, तीन झाकणं मावली. म्हणजे २०० मिली पिठाला ३० मिली मोहन.

दप्तरी

उत्तम. फक्त हे कार्डात मिसळू नका. "पळीभर" तसंच, आणि टिपेत "आत्यांकडच्या पळीत सुमारे ३० मिली मावतं" असं. आजी लिहीत होत्या तेव्हा तीच पळी होती का, हे विचारलंत का?

अवनी_क

विचारलं. भांडं तेच, आजीच्या लग्नातलं, नाव घातलेलं आहे. पळीबद्दल आत्या म्हणाली, "असेल तीच, पण मी शपथ घेणार नाही." तसंच टिपेत लिहिते.

आत्ताचा मजकूर. चौकटी कंसातलं सगळं माझं:

तांदूळ १ शेर
ह. डाळ ॥ शेर [अर्धा शेर]
उ. डाळ । शेर [पाव शेर]
मूग डाळ नवटाक
धने ⁄ [? छटाक, किंवा नुसती खूण, कार्ड पाहून ठरवायचं]
जिरे २ तोळे [पुढे पेन्सिलीची तिरकी रेघ]
डाळी तांदूळ धुवून सावलीत वाळवणे. निरनिराळे तांबूस भाजणे. धने जिरे घालून निवल्यावर दळणे. [“निवल्यावर” ओळीच्या वर, खूण “घालून”च्या पुढे]

शेर वजनी की मापी ते कार्डावर नाही. आत्याच्या आठवणीत घरात पायली आणि मापटं होतं, तराजू नव्हता.

दप्तरी

मग शेर मापी असण्याकडे माझा कल जाईल, पण जिऱ्याचे तोळे तर वजनच. तोळे कशानं मोजत, ते आत्यांना विचारा. नाण्यांनी मोजण्याची पद्धत होती, चांदीचा जुना रुपया तोळाभर भरायचा.

मंजिरी_दे

अवनीताई, "निरनिराळे" हा शब्द तुमच्या पहिल्या ओळीत नव्हता. तो उलट्या वाचनात आला का?

अवनी_क

हो, त्यातच आला. आत्या तो कायम गाळायची, कारण ती स्वतः सगळं एकत्र भाजते.